एकशेअठ्ठावीसचे चौसष्ट

ऑनलाइन मागवलेली वस्तू वेगळी निघाली की बहुतेक घरांतून पहिले पत्र रागानेच जाते. ‘तुम्ही आम्हाला फसवले, पैसे परत करा.’ विक्रेत्याला असे पत्र फार सोयीचे पडते. त्यात नेमके उत्तर द्यावे असे काही नसते, म्हणून तोही ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणून मोकळा होतो.

आमच्या मोहल्ल्यातील एका खालाजानच्या मुलाने बहिणीच्या कॉलेजसाठी 11,999 रुपयांचा मोबाइल मागवला. वर्णनात लिहिले होते : 6 जीबी रॅम, 128 जीबी साठवण, स्नॅपड्रॅगन 680 चिप. फोन आला, चालू झाला, दिसायलाही तसाच होता. चौथ्या दिवशी मुलीने तासांचे व्हिडिओ उतरवून घेतले आणि ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना आली. भावाने रागाचे पत्र धाडले. उत्तर आले की काही जागा फोनची स्वतःची प्रणाली वापरते, त्यामुळे साठवण कमी दिसते. ते उत्तर घेऊन भाऊ-बहीण आमच्याकडे आले.

विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि तेवढ्यावरच बरेच ग्राहक गप्प बसतात. प्रणाली जागा खाते हे बरोबर. नव्या फोनमध्येही पंधरा-वीस जीबी आधीच भरलेली असू शकते. पण ती भरलेली जागा झाली. सेटिंग्जमधील साठवणीच्या पानावर एकूण क्षमता वेगळी लिहिलेली असते आणि पाहायची ती हीच. 128 जीबीच्या फोनमध्ये ती सहसा 128 दिसते. एखाद्या ठिकाणी 119 च्या आसपास दिसली तरी घाबरू नये. कारखाना हजाराच्या पटीने मोजतो आणि काही यंत्रे 1024 च्या पटीने, त्यामुळे एवढा फरक पडतो. या मुलीच्या फोनवर मात्र एकूण आकडा 64 होता. मोजण्याच्या कोणत्याही पद्धतीने 128 चे 64 होत नाहीत. हे सरळ मापात पाप.

चिपचे प्रकरण थोडे अधिक चतुर. CPU-Z नावाचे मोफत अ‍ॅप उघडले की फोनमधील चिपचे नाव पहिल्याच पानावर दिसते. तेथे MediaTek Helio G35 असे आले. विचारले तर विक्रेता म्हणाला, दोन्ही चिपा आठ कोरच्या, वेगही जवळपास सारखा, मग फरक काय? कागदावर हे खरेच आहे : एकीचा कमाल वेग 2.4 गिगाहर्ट्‌झ, दुसरीचा 2.3. पण स्नॅपड्रॅगन 680 मध्ये आठांपैकी चार कोर जड कामाचे आणि चार हलक्या कामाचे आहेत. हेलिओ जी35 चे आठही हलक्या कामाचे. आठ माणसे दोन्हीकडे आहेत, पण एका टोळीत पोती उचलणारे चार हमाल आहेत आणि दुसरीत एकही नाही. शिवाय पहिली चिप 6 नॅनोमीटर पद्धतीने बनते, दुसरी 12. तेवढ्याच कामाला दुसरी साधारणपणे बॅटरी जास्त खाते.

कोणी म्हणेल, अ‍ॅपवर विश्वास कसा ठेवायचा? नकली फोनमध्ये आकडे खोटे दाखवतात हे खरे, पण ते फुगवून दाखवतात. स्वतःचा माल कमी दाखवण्यासाठी कोणी खोटेपणा करत नाही.

आता प्रश्न उरतो की फरक कोठे पडला. त्यासाठी चार गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात : संकेतस्थळावरील वर्णन, बिल, खोका आणि फोन. आम्ही मुलाला आधी वर्णनाचे स्क्रीनशॉट काढायला लावले, तारीख दिसेल असे. दोनच दिवसांत ते वर्णन बदलले गेले, म्हणून बरे झाले. खोक्यावरील चिठ्ठीवर बारीक अक्षरात 4 जीबी + 64 जीबी छापलेले होते. मग *#06# डायल करून फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक पाहिला. तो खोक्यावर आणि बिलावरही तोच निघाला. याचा अर्थ वाटेत कोणी फोन बदलला नाही, मुलानेही नाही. विक्रेत्यानेच त्याच नावाचा स्वस्त प्रकार पाठवला. खोक्यावर 128 असते आणि क्रमांक जुळला नसता, तर तक्रार वाटेतील अदलाबदलीची झाली असती, आणि तिथे खोका उघडतानाच्या व्हिडिओवाचून फार हाल होतात.

मग पत्र असे लिहिले :

‘मा. तक्रार निवारण अधिकारी,
विषय : वर्णनापेक्षा वेगळा मोबाइल मिळाल्याबाबत. (ऑर्डर व बिल क्रमांक सोबत.)
महोदय, आपल्या संकेतस्थळावरील वर्णनानुसार 6 जीबी रॅम, 128 जीबी साठवण व स्नॅपड्रॅगन 680 चिप असलेला मोबाइल मी 11,999 रुपये भरून मागवला. मिळालेल्या फोनची एकूण साठवण 64 जीबी असून चिप हेलिओ जी35 आहे. खोक्यावरही 4 जीबी + 64 जीबी छापलेले आहे. बिल, खोका व फोन यांवरील आयएमईआय एकच आहे. तक्रार प्रणालीने व्यापलेल्या जागेबद्दल नसून एकूण क्षमतेबद्दल आहे.
जाहिरातीप्रमाणे गुणधर्म नसलेला माल परत घेण्यास किंवा त्याची रक्कम परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधील नियम 6 सांगतो. फोन आपल्या खर्चाने परत न्यावा व पूर्ण रक्कम परत करावी. पाच छायाचित्रे जोडली आहेत.’

एवढेच. ‘बहिणीचे शैक्षणिक नुकसान’ हा परिच्छेद मुलाला फार प्रिय होता, तो आम्ही काढायला लावला. पत्र विक्रेत्याबरोबरच संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवले. त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते.

पोच आली, आणि पाठोपाठ विक्रेत्याचा फोन : ‘भाईजान, आठशे रुपये परत घ्या आणि फोन ठेवा.’ घरात दोन मते पडली. खालाजान म्हणाल्या, घेऊन टाका, कटकट नको. आमचे मत वेगळे होते. आठशे घेतले की मिळालेला माल मान्य केला असा अर्थ लावला जातो, पुढे काही मागता येणे अवघड. त्याने फोनवर सांगितलेले लेखी मागा, एवढेच आम्ही मुलाला सांगितले. लेखी काही आले नाही. बदली फोनही मुलाने नाकारला, कारण त्याच दुकानातून पुन्हा तोच प्रकार येण्याची भीती होती. ‘फक्त बदली मिळेल’ अशी ओळ पानावर असली तरी वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाला तिची ढाल चालत नाही. सतराव्या दिवशी पूर्ण रक्कम मंजूर झाली.

झाली नसती तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तेथे मध्यस्थी होते, हुकूम निघत नाही. हुकूम हवा तर जिल्हा ग्राहक आयोग : ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

माल परत न्यायला माणूस येण्याआधी मुलीने आपले फोटो काढून घेतले, फोनमधून गुगल खाते काढले आणि मगच सर्व माहिती पुसली. उलट क्रमाने केले तर फोन जुन्या खात्याला कुलूपबंद राहू शकतो आणि ‘सदोष परतावा’ म्हणून पैसे अडकतात. दारातच खोका बंद करताना आयएमईआय दिसेल असा व्हिडिओ घेतला, आणि परत नेल्याची पावती मिळाल्यावरच खोका त्या माणसाच्या हाती दिला.