'दर्द है' म्हणजे नेमके काय?

माझी थोरली बहीण सिल्वासाला असते. भावोजी तिथल्या एका कारखान्यात हिशेब पाहतात आणि त्यांना अकरा वर्षांचा मधुमेह आहे. गेल्या दिवाळीत मी तिथे गेलो होतो, तेव्हा त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाण्याची पाळी माझ्यावर आली. कचेरीतल्या फायलींमुळे माझे हिंदी बरे, म्हणून दुभाषा मीच!

भावोजी मला मराठीत म्हणाले, "तळव्यांना मुंग्या येतात. रात्री पाठ टेकली की पायांची आग होते, चादर लागलेली सोसत नाही. परवा चालताना चप्पल पायातून निसटली, दहा पावले गेलो तरी कळले नाही."

मी डॉक्टरांना सांगितले, "इनके पैरों में दर्द है."

तीन वाक्यांचे एक झाले. मुंग्या गेल्या, आग गेली, चप्पल तर वाटेतच राहिली. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

खरे तर आत जाण्यापूर्वी तिथल्या परिचारिकेने अगदी नेमका प्रश्न विचारला होता, "काका, पगमां खाली चढे छे?" भावोजींना वाटले, खालून वर काही चढते का असे ती विचारते आहे. ते नाही म्हणाले आणि तिने कागदावर नकार लिहिला. संध्याकाळी शेजारच्या गुजराती बाईंनी उलगडा केला, की 'खाली चढवी' म्हणजे हातापायांना मुंग्या येणे. होकाराच्या जागी नकार लिहिला गेला, आणि आम्हां दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. असे शब्द आणखीही आहेत. आपली 'कळ' अचानक उठून जाते, तर गुजरातीतले 'कळतर' म्हणजे अंग मोडून येणे. हिंदीत 'कळ येते' म्हणू गेलात तर समोरच्याला 'कल' ऐकू येईल आणि तो दिवस मोजू लागेल!

"दुखणे ते दुखणेच, तपासण्या आहेत ना!" असे म्हणणारे सुशिक्षित मला रोज भेटतात. त्यांना माझे विचारणे आहे, कुठली तपासणी करायची हे ठरते कशावरून? गळू ठसठसते, पोटरी वळते, दाढ ठणकते, आणि नस बिघडली की आग, मुंग्या, बधिरपणा येतो. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, तेव्हा संशय रक्तपुरवठ्यावर जातो. पडून राहिल्यावर रात्री तळवे पेटतात, तेव्हा तो नसांवर जातो. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे ७८ शब्द वीस गटांत मांडले आहेत. आणि मी एका शब्दावर भागवले.

गोळ्यांनी आग शमली नाही. नसांच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही, आणि मधुमेह्याच्या मूत्रपिंडांना त्या जड जाऊ शकतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी भावोजींची तिन्ही वाक्ये जशीच्या तशी, एकेक करून सांगितली. आगीपेक्षा ते चप्पलेपाशी जास्त थबकले. त्यांनी भावोजींना डोळे मिटायला सांगून तळव्याला दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवला. चार जागी भावोजींना काहीच कळले नाही. मग मेटफॉर्मिन किती वर्षे घेता असे विचारून त्यांनी बी-१२ची तपासणी लिहिली, कारण ते औषध बराच काळ घेतल्यास हे जीवनसत्त्व घटू शकते आणि त्यानेही मुंग्या येतात. शब्दाने निदान झाले नाही, हे कबूल. पण धागा बाहेर निघाला तो शब्दामुळेच. ज्या पायाला चप्पल निसटल्याचे कळत नाही, त्याला खिळा रुतल्याचेही कळणार नाही. जखम चिघळून पाय गमावण्याची वाट तिथूनच सुरू होते.

आपण गोमंतकीय भाषेवरून काही कमी भांडलेलो नाही. १९८७चा राजभाषा कायदा अजून आपल्या बोलण्यात येतो. मग आपल्याच माणसाचे दुखणे सांगताना त्याची भाषा आपण इतक्या सहज का टाकतो? डॉक्टरांना वेळ नसतो, ही सबब मला मान्य नाही. ती तीन वाक्ये सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही.

दुभाष्याने सारांश करू नये. रोग्याचा मूळ शब्द आधी तसाच उच्चारावा, मग त्याचा अर्थ सांगावा. शब्द सापडला नाही तर काय होते, कधी होते आणि कशाने वाढते ते सांगावे. रोग्याने जागा स्वतःच्या बोटाने दाखवावी. आणि प्रश्न कळला नसेल तर 'नाही' म्हणू नये, 'कळले नाही' म्हणावे.

भावोजी आता रोज रात्री आरसा धरून तळवे पाहतात. मी मात्र ते 'दर्द है' अजून विसरलेलो नाही.