हप्ता एक, आकडे चार

घरात विम्याचा वार्षिक हप्ता कापला गेल्याचा मेसेज येतो आणि ठरलेली चर्चा सुरू होते. ‘एजंटने तर २४ हजार सांगितले होते, मग हे जास्तीचे कुठून आले?’ कुणीतरी म्हणतं, ‘टॅक्स असेल.’ विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच, की तो तिथे संपू देऊ नका. कारण प्रत्येक जास्तीचा रुपया टॅक्स नसतो आणि हे ओळखायला फक्त एक भागाकार पुरतो.

उदाहरण घेऊ. समजा, आईने १० नोव्हेंबर २०२३ला बचतीची एंडोमेंट पॉलिसी काढली. मूळ हप्ता वर्षाला २४,००० रुपये. पहिल्या वर्षी खात्यातून गेले २५,०८०. दुसऱ्या वर्षी २४,५४०. तिसऱ्या वर्षी २४,३६०. पॉलिसी तीच, हप्ता तोच आणि तिन्ही वर्षी वेगळी रक्कम!

आता प्रत्येक वेळी जास्तीच्या रकमेला मूळ हप्त्याने भागा आणि शंभरने गुणा. पहिल्या वर्षीचे जास्तीचे १,०८० म्हणजे ४.५ टक्के. अशा पॉलिसीवर पहिल्या वर्षी जीएसटी नेमका एवढाच होता. दुसऱ्या वर्षीचे ५४० म्हणजे २.२५ टक्के. पुढच्या वर्षांसाठी दर निम्मा व्हायचा, म्हणून हेही बरोबर. (टर्म इन्शुरन्स असता, तर दर वर्षी सरळ १८ टक्के लागले असते.) इथपर्यंत ‘टॅक्स असेल’ हे उत्तर खरं आहे.

तिसऱ्या वर्षी मात्र ते फसतं. जास्तीचे ३६० रुपये म्हणजे दीड टक्का. या पॉलिसीवर जीएसटीचा असा दर कधी नव्हताच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. (ऑफिसमार्फत मिळणाऱ्या गट विम्यावर तो अजून लागतो.) म्हणजे नोव्हेंबर २०२५चा हप्ता २४,००० वरच थांबायला हवा होता. मग हे ३६० कसले?

इथे रकमेऐवजी तारीख बघायची. हप्त्याची तारीख होती १० नोव्हेंबर, पैसे गेले १० जानेवारीला. नोव्हेंबरमध्ये खात्यात पुरेसे पैसे नव्हते, म्हणून ऑटो डेबिट परत गेलं होतं. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पीरियड मिळतो. तेवढ्या दिवसांत पॉलिसी चालू राहते. तो उलटला की पॉलिसी लॅप्स होते आणि ती पुन्हा सुरू करताना कंपनी थकलेल्या हप्त्यावर व्याज लावते. त्यालाच आपण लेट फी म्हणतो. हा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. समजा तो वर्षाला ९ टक्के आहे, तर २४,००० वर दोन महिन्यांचं व्याज बरोबर ३६० होतं. लक्षात घ्या, दोन महिने. ग्रेस उलटल्यावर व्याज बहुधा मूळ तारखेपासूनच मोजतात, तीस दिवस वजा करून नाही.

आणि चौथा आकडा तर विम्याच्या पावतीवर दिसतच नाही. ऑटो डेबिट परत गेल्याबद्दल बँक तिचा वेगळा दंड लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही घेते. समजा दंड २५० असेल, तर करासकट २९५ गेले. ही नोंद नोव्हेंबरच्या पासबुकात सापडेल. म्हणजे उशिराची खरी किंमत ३६० नाही, ६५५ रुपये आहे.

आता तक्रार. लेट फी घेण्याला माझा विरोध नाही, उशीर झाला तर ती द्यावी लागणारच. पण मेसेजमध्ये एकच रक्कम टाकून मोकळं होणं बरोबर नाही. मूळ हप्ता किती, कर किती, लेट फी किती आणि ती किती दिवसांची, हे कंपनीच्या सिस्टीममध्ये वेगवेगळंच असतं, पावतीवर बऱ्याचदा छापलेलंही असतं. मग तेच दोन ओळींत मेसेजमध्ये का येऊ नये? एक रक्कम बघून माणूस ‘टॅक्स असेल’ म्हणतो आणि आपली पॉलिसी महिनाभर बंद होती, हे त्याला कळतही नाही. त्या महिन्यात काही बरंवाईट झालं असतं, तर घरच्यांना पूर्ण विमा रक्कम मिळालीच असती याची खात्री नव्हती. ३६० रुपयांपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे.

तेव्हा घरातली शेवटची पावती डाउनलोड करा. भागाकाराचं उत्तर त्या वर्षीच्या कराच्या दराशी जुळलं, तर प्रश्न मिटला. नाही जुळलं, तर हप्त्याची तारीख आणि पैसे गेल्याची तारीख शेजारी ठेवा. तारखाही जुळत असतील आणि तरी पैसे जास्त गेले असतील, तर कंपनीकडे लेखी हिशेब मागा. ‘सिस्टीमनेच कापलंय’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.