विश्लेषण : भाव वाढले, नफाही वाढला, पण तो खर्च करता येतो का?

सोयाबीन तेलाचा जुना डबा स्वस्त, नवा महाग. दुकानात शिल्लक राहिलेल्या डब्यांची किंमत कोणती धरायची? ‘फिफो’ आणि ‘भारित सरासरी’ या दोन पद्धतींची उत्तरे वेगळी येतात. छोट्या किराणा दुकानाला सरासरीच अधिक सोयीची का, याचा ऊहापोह.

प्रश्न कुठून आला?

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केले. शुद्ध तेलावरील शुल्क १२.५ वरून ३२.५ टक्क्यांवर गेले. सणांच्या तोंडावर तेल महागले. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत, जिथे गिऱ्हाईक पगाराच्या तारखेवर चालते, तिथल्या किराणा दुकानदारापुढे अशा वेळी एक जुनाच पेच उभा राहतो. कोठीत काही डबे जुन्या भावाचे असतात, काही नव्या. विक्री मात्र सगळ्यांची नव्या भावाने होते. मग महिन्याचा नफा किती?

नफ्याचे गणित साधे आहे. आरंभीचा साठा आणि खरेदी यांच्या बेरजेतून अखेरचा साठा वजा केला की विकलेल्या मालाची किंमत मिळते. अखेरच्या साठ्याची किंमत जितकी जास्त धरली, तितका नफा जास्त दिसतो. सगळा वाद या एका आकड्याचा आहे.

दोन पद्धती काय सांगतात?

‘फिफो’ म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असे समजणे. त्यामुळे शिल्लक माल नेहमी ताज्या खरेदीच्या भावाने मोजला जातो. भारित सरासरीत प्रत्येक खरेदीनंतर दुकानातील सगळ्या डब्यांची एकूण किंमत एकूण डब्यांनी भागायची आणि पुढची खरेदी होईपर्यंत तोच भाव धरायचा.

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. महिन्याच्या सुरुवातीला दुकानात १,८०० रुपयांचे २० डबे आहेत. शुल्कवाढीपूर्वी त्यातले १५ डबे १,९०० रुपयांनी विकले. मग नव्या भावाने, २,१०० रुपयांनी आणखी २० डबे आणले. महिनाअखेरपर्यंत १० डबे २,२०० रुपयांनी गेले. एकूण विक्री ५०,५०० रुपये, शिल्लक १५ डबे.

फिफोप्रमाणे विकलेल्या २५ डब्यांत जुने २० आणि नवे ५. त्यांची किंमत ४६,५०० रुपये, म्हणून नफा ४,००० रुपये. शिल्लक साठा ३१,५०० रुपयांचा.

सरासरीप्रमाणे नवी खरेदी आली तेव्हा जुने ५ डबे ९,००० रुपयांचे आणि नवे २० डबे ४२,००० रुपयांचे होते. ५१,००० भागिले २५, म्हणजे डबा २,०४० रुपयांना पडला. पहिले १५ डबे १,८०० रुपयांनी आणि नंतरचे १० डबे २,०४० रुपयांनी मोजले की नफा ३,१०० रुपये येतो. साठा ३०,६०० रुपयांचा.

माल तोच, गिऱ्हाईक तेच, गल्ल्यातला पैसाही तोच. कागदावर मात्र ९०० रुपयांचा फरक. हा फरक कायमचा नाही. या महिन्याचा अखेरचा साठा हाच पुढच्या महिन्याचा आरंभीचा साठा असतो. त्यामुळे ते १५ डबे विकले गेले की सरासरीच्या हिशेबात तेवढेच ९०० रुपये जास्त नफा दिसतो.

मग कोणता नफा खरा?

या दुकानदाराचा डब्यामागचा नेहमीचा नफा १०० रुपये आहे. भाववाढीपूर्वीही आणि नंतरही. २५ डब्यांवर तो २,५०० रुपये होतो. फिफोने दाखवलेल्या ४,००० पैकी १,५०० रुपये केवळ ५ जुने डबे नव्या भावाने विकल्यामुळे आले. आता ते ५ डबे पुन्हा भरायचे तर प्रत्येकी ३०० रुपये जास्त मोजावे लागतील. म्हणजे ते १,५०० रुपये पुढच्या खरेदीत परत जाणार आहेत. दुकानदाराने ४,००० रुपये नफा समजून घरखर्चाला काढले, तर पुढच्या फेरीत २० ऐवजी १९ डबेच आणायची किंवा ठोक व्यापाऱ्याकडे उधारी वाढवण्याची वेळ येते. विक्री चांगली होऊनही भांडवल आटते, त्याचे कारण बरेचदा इथे असते.

सरासरीचा ३,१०० रुपयांचा आकडा २,५०० च्या अधिक जवळ आहे. तो अचूक नाही, पण कमी फसवा आहे. शिवाय किराणा दुकानात डाळ, तांदूळ, साखर एकाच कोठीत ओतली जाते. जुना माल कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. तिथे फिफोचा हिशेब ही निव्वळ कल्पना ठरते.

एक सावधगिरी मात्र हवी. सरासरी महिनाअखेरीला एकदाच काढली, तर ७८,००० भागिले ४० म्हणजे १,९५० रुपये भाव येतो आणि नफा १,७५० पर्यंत घसरतो. कारण भाववाढीपूर्वी विकलेल्या डब्यांवरही नंतरचा महाग भाव लादला जातो. म्हणून सरासरी दर खरेदीला नव्याने काढावी.

भाव उतरले तर?

मे २०२५ अखेर कच्च्या तेलांवरील मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. भाव उतरताना वरचे चित्र उलटते. फिफोत महाग जुना माल आधी खर्ची पडतो आणि नफा कमी दिसतो. सरासरीत साठा बाजारापेक्षा महाग राहण्याचा धोका असतो. त्यासाठी लेखामानक दोनचा नियम आहे : खरेदी किंमत आणि विक्रीतून निव्वळ मिळू शकणारी रक्कम, यांतील जी कमी ती धरायची. २,०४० रुपयांचा डबा १,९५० रुपयांनीच जाणार असेल, तर १५ डब्यांवरचा १,३५० रुपयांचा तोटा त्याच वेळी लिहावा. तो पुढे ढकलला की कागदावरचा साठा फुगत जातो.

फिफो कुठे योग्य?

औषधे, बाळाचे दूधपीठ असा तुकडीनिहाय ओळखता येणारा माल असेल, तर फिफो वस्तुस्थितीला धरून असतो. जुना माल पुढच्या फळीवर मांडणे ही शिस्त वेगळी. मुदत टाळण्यासाठी ती प्रत्येक दुकानात हवीच, हिशेबाची पद्धत कोणतीही असो. शेवटी आलेला माल आधी गेला असे मानणारी ‘लिफो’ मात्र या मानकात बसत नाही. काही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय दिसतो, म्हणून निवडू नये.

कर वाचवण्यासाठी पद्धत बदलण्याचा मोह व्यर्थ आहे. अनुमानित योजनेत विवरण भरणाऱ्या दुकानदाराचा किमान नफा उलाढालीवर ठरतो : रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के. साठा कसा मोजला याने तो किमान आकडा हलत नाही. पद्धत दरवर्षी बदलली, तर मागच्या वर्षाशी तुलनाच करता येत नाही.

म्हणून छोट्या किराणा दुकानाने दर खरेदीला काढलेली सरासरी धरावी, त्यात वाहतूक आणि हमालीही मिळवावी आणि ती पद्धत टिकवावी. भाव चढत असताना गल्ल्यातून पैसे काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : विकलेला माल आजच्या भावाने पुन्हा भरला, तर हातात किती उरेल? घरी न्यायचा नफा तेवढाच.