सुकडीसाठी चेहऱ्याची हजेरी

बीड जिल्ह्यातली बाई ऊसतोडीला निघते तेव्हा मुकादम तिचा चेहरा ताडून बघत नाही. उचल दिली, कोयता मोजला, ट्रकात बसवली. फडात तिचे हात पाहिजेत, तोंडाशी कुणाला देणंघेणं नाही. तीच बाई पोटुशी राहून अंगणवाडीत सुकडीचं पाकीट मागायला गेली, की सरकारला तिचा चेहरा पाहिजे. तोही जिवंत, पापणी मिटणारा!

1 जुलै 2025 पासून केंद्र सरकारचा हा हुकूम आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि 6 महिने ते 3 वर्षांचं पोर यांना घरी न्यायचा आहार द्यायचा, तर ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये चेहरा जुळला पाहिजे. आधी आधारची केवायसी. आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो, तो सेविकेला सांगायचा. मग फोटो साठवायचा. पुढं वाटपाच्या वेळी फोनसमोर उभं राहायचं आणि यंत्र म्हणेल, हीच ती बाई.

आता एक बाई धरा. केज तालुक्यातली, सातवा महिना. पहिली अडचण आकड्याची. जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा कर्नाटकातल्या फडात. तो फोन उचलेल तेव्हा आकडा मिळणार. तोवर त्याची मुदत संपलेली.

दुसरी अडचण नावाची. माहेरची शोभा लिंबाजी, सासरी आल्यावर रमा अशोक. आपल्याकडं लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा पुसतात, ही रीत कुणी घातली ते विचारू नका. आधारवर शोभा, अंगणवाडीच्या नोंदीत रमा. यंत्राच्या लेखी या दोन बाया. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि त्याला कागद लागतो. लग्नाची नोंदच केलेली नसेल तर दाखला आणायचा कुठून? म्हणून आधी अंगणवाडीतली नोंद आधारप्रमाणं करून घ्या. आधार बदलत बसाल तर बाळंतपण होऊन जाईल.

तिसरी अडचण उजेडाची. अंगणवाडीची खोली अंधारी, म्हणून सेविका तिला दारात उभी करते. पाठीमागं रखरखीत ऊन. कॅमेरा उजेड मोजतो तो त्या उन्हाचा, आणि तोंड काळं ठिक्कर पडतं. तिला चष्मा असेल तर काचेवर उजेड चमकतो, डोळा हरवतो, मिटलेली पापणी यंत्राला दिसत नाही. बाई दहादा डोळे मिचकावते, आणि मागची रांग हसते. उपाय साधा आहे: तोंड दाराकडं, पाठ भिंतीकडं, चष्मा खाली. पण हे सेविकेला शिकवलं कुणी? निकृष्ट म्हणून सरकारी फोन याच सेविकांनी 2021 साली परत केले होते. त्यांना शिव्या देऊ नका. त्याही याच घाण्याला जुंपलेल्या आहेत.

खरी गोम पुढं आहे. कॅमेरा नापास होतो, पण उपाशी राहते बाई. पडद्यावर ‘जुळले नाही’ एवढंच येतं. ऊन होतं, काच होती, नेट नव्हतं, यातलं काहीच तिथं लिहिलेलं नसतं. यंत्राचा गुन्हा बाईच्या नावावर चढतो.

म्हणे बोगस लाभार्थी शोधायचेत! मग ऐका. याच घरपोच आहाराची महाराष्ट्रातली 6300 कोटींची कंत्राटं सुप्रीम कोर्टानं 2019 साली रद्द केली. 2016 च्या निविदा बड्यांच्या सोयीच्या, आणि महिला बचत गट बाजूला फेकलेले. तिथं कुणी कुणाला पापणी मिटायला लावली? कोटींच्या फाईलला चेहरा लागत नाही, एका पाकिटाला लागतो.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 4 म्हणतं, गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर 6 महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळाला पाहिजे. त्यात चेहऱ्याची अट नाही. खुद्द आधार प्राधिकरणानं 24 ऑक्टोबर 2017 ला परिपत्रक काढलं, की ओळख पटवण्याचं यंत्र फसलं म्हणून लाभ नाकारायचा नाही. कार्ड बघून द्यायचा आणि अपवादाच्या वहीत नोंद करायची.

ती वही कुठाय? वस्तीवर जाल तेव्हा हा एकच प्रश्न विचारा. वही नसेल तर साधा कागद घ्या. तारीख, वेळ, कितीदा फसलं, पडद्यावर काय आलं, हे लिहून बाईचा अंगठा घ्या आणि पाकीट मागा. नाहीच दिलं, तर नकार लेखी मागा आणि तोच कागद जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटा. कायद्याच्या कलम 15 नं तो माणूस त्याच कामाला बसवलाय.

शोभा असो की रमा, भूक एकाच बाईची आहे. ती ओळखायला कॅमेरा लागत नाही.