तीनशे दहा रुपयांचा हिशेब

टॅक्सीच्या ॲपवर भाड्याचा जो आकडा आधी दिसतो त्याला कंपनी ‘अंदाज’ म्हणते. अंदाज म्हटला की तो चुकणार, हे मला मान्य आहे. फौजेत आमचेही अंदाज चुकतात. पण आमच्याकडे अंदाज चुकला तर का चुकला हे लिहून द्यावं लागतं. इथे अंदाज ज्याचा चुकला तो गप्प बसतो आणि पुरावे गोळा करायचे ते प्रवाशाने. माझं भांडण या रिवाजाशी आहे.

प्रकरण दिल्लीतलं आहे. हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून दिल्ली छावणीत जायचं होतं. ॲपने १५ किलोमीटर, ४० मिनिटं आणि ३६० रुपये असा अंदाज दिला. दर खालीच लिहिलेले होते : मूळ आकार ६० रुपये, दर किलोमीटरला १६ आणि दर मिनिटाला दीड रुपया. ६० अधिक २४० अधिक ६०, म्हणजे ३६०. हिशेब चोख होता. गर्दीच्या वेळचा वाढीव दर त्यात नव्हता आणि पुढे पावतीतही तो लागलेला नाही. भाडं परस्पर कार्डातून जाणार होतं.

रात्री कार्डातून ६८२ रुपये कापल्याचा मेसेज आला. अंदाजापेक्षा ३२२ रुपये जास्त. मी ॲपमध्ये तक्रार केली. उत्तर दोन मिनिटांत आलं : ‘मार्ग व वेळ बदलल्यामुळे भाडे बदलले आहे.’ पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच वाक्य, शब्दशः. एवढ्या लवकर माझी पावती कुणी उघडून वाचली असेल यावर माझा विश्वास नाही. मग मीच ती वाचायला घेतली.

पावतीत प्रवास २१:०६ ला सुरू आणि २२:३० ला संपला असं होतं. म्हणजे ८४ मिनिटं आणि २६ किलोमीटर. त्याच दरांनी ६० अधिक ४१६ अधिक १२६, एकूण ६०२, वर टोल ८०. बेरीज बरोबर होती. अशा पावतीत बेरीज सहसा चुकत नाहीच. खोट असते ती बेरजेत घातलेल्या आकड्यांत. म्हणून एकूण रकमेकडे बघत बसू नये. आधी चार गोष्टी बघाव्यात : प्रवास कुठे संपला, किती वाजता संपला, किती किलोमीटर झाले आणि कोणता जादा आकार लागला.

पावतीवरच्या नकाशात प्रवास द्वारकेत संपला होता. मी उतरलो छावणीत. गाडी रिंग रोडने धौला कुआंवरून आत आली, २१:५४ ला मी सामान उतरवलं आणि ती निघून गेली. चालकाने प्रवास संपल्याचं बटण दाबलं नाही आणि पुढचे ११ किलोमीटर माझ्या नावावर चढले. त्याने मुद्दाम केलं की दिवसभराच्या थकव्यात तो विसरला, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही. रोख देणाऱ्याला हा फटका बसत नाही, कारण चालक बटण दाबून, आकडा दाखवूनच पैसे मागतो. पैसे परस्पर कापले जातात तिथे मात्र हे सहज घडू शकतं.

आता पुरावा. छावणीच्या गेटवर गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली जाते, पण त्या रजिस्टरची नक्कल मी कुणा खासगी कंपनीला पाठवणार नाही. तिची गरजही नव्हती. फोनच्या लोकेशन हिस्टरीत मी २१:५४ पासून सकाळपर्यंत एकाच जागी होतो. बुकिंगच्या आधी काढलेला अंदाजाचा स्क्रीनशॉट होता. तो महत्त्वाचा, कारण माझ्या पावतीत फक्त अंतिम रक्कम होती, मूळ अंदाजाचा मागमूसही नव्हता. तिसरा पुरावा कंपनीचाच : तिची पावती. जिथे जायचं म्हणून मी बुकिंग केलं तिथे गाडी पोचली, थांबली आणि मग पुढे गेली, हे त्याच नकाशात दिसत होतं. आणि निजामुद्दीनहून छावणीपर्यंत एकही टोलनाका लागत नाही.

मग मी हिशेब मांडला. १५ किलोमीटरचे २४०, ४८ मिनिटांचे ७२, मूळ आकार ६०; एकूण ३७२. अंदाजापेक्षा १२ रुपये जास्त, कारण आठ मिनिटं ट्रॅफिकमध्ये गेली. ते १२ रुपये माझ्याकडे लागतात आणि ते मी मागितले नाहीत. मागितले ते ३१०. वाटेत कुणाला घ्यायला गाडी वळवली असती, स्टेशनवर चालकाला ताटकळत ठेवलं असतं किंवा खरोखर टोल लागला असता, तर तेही भाडं मी दिलं असतं. खरं देणं आधी मान्य केलं की उरलेल्या मागणीला वजन येतं.

हे पत्र मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे असा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. उत्तर आलं : ‘सद्भावना म्हणून’ वॉलेटमध्ये १०० रुपये जमा करतो. मी नाही म्हटलं. माझेच पैसे मला बक्षीस म्हणून नको होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि एकोणिसाव्या दिवशी ३१० रुपये कार्डात परत आले. चूक झाली, असं एक अक्षर मात्र आलं नाही.

माझ्या युनिटमधला एक हवालदार म्हणाला, ‘‘साहेब, तीनशे रुपयांसाठी एवढं कोण भांडणार?’’ सगळा धंदा याच प्रश्नावर चालतो. रात्री गाडीतून उतरून बेस हॉस्पिटलला नवऱ्याला भेटायला जाणारी जवानाची बायको, पेन्शनच्या कामाला परक्या शहरात आलेले सुभेदार यांना हिंदी-इंग्रजीत तीन पत्रं लिहिणं जमेलच असं नाही. शिवाय बदलीची नोकरी आणि पावती दुसऱ्याच शहराची. त्यांना एवढं नक्की सांगतो : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि एवढ्या लहान रकमेला फी नाही. दिल्लीच्या भाड्याची तक्रार साताऱ्यातून चालते.

पण प्रवाशाने किती शिकायचं यालाही मर्यादा आहे. गाडी ठरल्या ठिकाणी थांबून पुढे निघाली हे ज्या यंत्राला कळतं, त्याने तिथे ‘प्रवास संपला का?’ असं प्रवाशाला विचारावं. पावतीवर अंदाज आणि अंतिम भाडं शेजारी शेजारी छापावं आणि फरकाचं कारण एका ओळीत द्यावं. यासाठी नवा शोध लागत नाही, माहिती त्यांच्याकडे आहेच. ती पैसे कापताना वापरता येते, तर परत करतानाही वापरता आली पाहिजे.