ऑफ सीझनची बिलं आणि एप्रिलमधला अर्ज

गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यावरची गडबड थांबते असं बाहेरच्यांना वाटतं. आपल्याकडे बारामती-इंदापूर पट्ट्यात कारखान्याशी ज्यांचं काम आहे त्यांना माहीत आहे की खरी धावपळ तेव्हा सुरू होते. बॉयलर उघडायचा, गव्हाणीची दुरुस्ती काढायची, मळीच्या टाकीचा पत्रा तपासायचा, गोदामाच्या छताची आणि चिमणीच्या पायाची पाहणी करून दाखला घ्यायचा. पुढच्या हंगामाची मोळी पडण्याआधी हे सगळं उरकावं लागतं. त्यामुळे या कामांवर जगणाऱ्या छोट्या इंजिनिअर मंडळींची वर्षातली निम्म्याहून अधिक बिलं एप्रिल ते सप्टेंबर या काळातच निघतात. आणि प्रत्येक बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो.

माझी भाची इंदापुरात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. स्वतःचं छोटं ऑफिस, हाताखाली एक ड्राफ्ट्समन, साइटवर जायला एक मुलगा. मी बारामतीत करसल्लागाराचं काम करतो, म्हणून तिचं रिटर्न दरवर्षी माझ्याकडे येतं. मागच्या वर्षी मार्चअखेरीस ती म्हणाली, "मामा, माझेच पैसे सरकारकडे पडून असतात आणि ड्राफ्ट्समनचा पगार द्यायला मी पतसंस्थेचं कर्ज उचलते. हे थांबवता येत नाही का?" येतं. कायद्यात त्याची सोय फार जुनी आहे. तो रस्ता मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं समजून आपल्याकडचे डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट त्या वाटेला जातच नाहीत. ही समजूत मला मनापासून खटकते, म्हणून तिचीच केस आज सविस्तर मांडतो.

आधी हिशोब पाहू. 2025-26 या वर्षात तिची अंदाजे जमा पंधरा लाख होती. त्यातले सहा लाख एका कारखान्याकडून, चार लाख एमआयडीसीतल्या एका कंपनीकडून आणि दोन लाख एका शिक्षणसंस्थेकडून यायचे होते. उरलेले तीन लाख घर बांधणाऱ्या साध्या लोकांकडून, ज्यांना टीडीएस कापावा लागत नाही. म्हणजे बारा लाखांवर दहा टक्क्यांनी एक लाख वीस हजार रुपये कापले जाणार. आता प्रत्यक्ष कर किती? इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांना तेव्हाच्या कायद्यात कलम 44एडीएखाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येत होती. पंधरा लाखांचे निम्मे साडेसात लाख. नव्या करपद्धतीत त्या वर्षी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87एची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे देणं शून्य आणि कपात एक लाख वीस हजार.

टीडीएस नफ्यावर नाही, बिलाच्या पूर्ण रकमेवर कापला जातो, हे या सगळ्याचं मूळ. पगार, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअरचं लायसन्स, पेट्रोल हे सगळं ज्या पैशातून भागवायचं, त्याच्यावरही दहा टक्के जातात. अगदी पन्नास लाख जमा असलेल्या व्यावसायिकाचं गणित मांडलं तरी पंचवीस लाख उत्पन्नावरचा कर सेससकट साधारण तीन लाख त्रेचाळीस हजार होतो आणि टीडीएस कापला जातो पाच लाख.

"रिफंड येतोच की, व्याजासकट येतो," असं बरेच जण म्हणतात. तारखा लावून बघा. मे 2025 मध्ये कापलेली रक्कम वर्ष संपेपर्यंत अडकते. जानेवारी ते मार्चच्या कपातीचं विवरणपत्र भरायला कापणाऱ्यांना 31 मेपर्यंत मुदत असते, म्हणून 26एएसमध्ये सगळ्या नोंदी नीट दिसायला जून उजाडतो. त्यानंतर रिटर्न आणि मग रिफंड. मेमध्ये गेलेला रुपया असा चौदा-पंधरा महिन्यांनी हातात येतो. रिफंडवर महिना अर्धा टक्का व्याज मिळतं हे खरं, पण ते मोजायला सुरुवात होते वर्ष संपल्यानंतरच्या 1 एप्रिलपासून. त्याआधीच्या दहा महिन्यांचं काहीच मिळत नाही. ज्यांची बिलं उन्हाळ्यात निघतात त्यांचं यात सर्वात जास्त नुकसान होतं.

काही जण कारखान्याच्या अकाउंट्स विभागात 15जी फॉर्म भरून देत आणि कपात थांबेल अशी वाट बघत. तो फॉर्म ठेवीवरचं व्याज वगैरेंसाठी होता, व्यावसायिक फीला लागू होत नव्हता. फीसाठी आयकर खात्याकडे अर्ज करून कमी दराचं प्रमाणपत्रच आणावं लागतं. जुन्या कायद्यात ते कलम 197 होतं आणि अर्ज फॉर्म 13 मध्ये करायचा.

हा अर्ज आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रेसेस पोर्टलवर भरला. फॉर्मची भाषा बोजड आहे, पण विचारलेलं साधं असतं. चालू वर्षाचं अंदाजे उत्पन्न आणि त्यावरचा कर, मागच्या चार वर्षांची उत्पन्नं, आजवर कापला गेलेला टीडीएस, जुनी थकबाकी, आणि ज्यांच्याकडून पैसे येणार त्या प्रत्येकाचा टॅन नंबर व अपेक्षित रक्कम. तेव्हाच्या नियम 28एएनुसार अधिकाऱ्याला याच गोष्टी तपासून दर ठरवायचा होता. तिची रिटर्न तीनच वर्षांची होती, तेवढीच दिली. अर्ज चार वर्षं पूर्ण नाहीत म्हणून अडला नाही.

अडला तो दुसरीकडे. काही दिवसांनी पोर्टलवर अधिकाऱ्याचे दोन प्रश्न आले. पहिला, पंधरा लाखांचा अंदाज कशावरून? याचं उत्तर सोपं होतं, कारण मी तिच्याकडून कारखान्याची आणि कंपनीची वर्क ऑर्डर आधीच मागवून ठेवली होती, शाळेच्या इमारतीचं नियुक्तिपत्रही होतं. दुसरा प्रश्न असा की, तिच्या नावावर आधीच्या एका वर्षाची नऊ हजार तीनशे रुपयांची मागणी दिसते, त्याचं काय? ही मागणी तिला माहीतसुद्धा नव्हती. एका ग्राहक संस्थेनं टीडीएस कापला, भरला, पण विवरणपत्रात पॅनचा एक अंक चुकीचा टाकला. पैसे सरकारकडे पोचले, मात्र तिच्या खात्यात दिसले नाहीत, आणि तेवढा कर बाकी राहिला असं संगणकानं धरलं. त्या संस्थेकडून दुरुस्त विवरणपत्र भरून घेतलं, आयकर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज केला आणि दोन्हीच्या पोचपावत्या उत्तरासोबत जोडल्या. यात दोन-तीन आठवडे गेले. प्रामाणिक माणसाचा अर्ज रेंगाळतो तो बहुधा अशाच, कुणाच्या लक्षात न आलेल्या थकबाकीपायी. म्हणून अर्जाला हात घालण्याआधी पोर्टलवरचं थकबाकीचं पान उघडून बघावं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

प्रमाणपत्र मेच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. आम्ही शून्य दर मागितला होता, मिळाला एक टक्का. अंदाज चुकून जमा वाढली तरी थोडा कर हाताशी राहावा, असा अधिकाऱ्यानं विचार केला असावा, आणि मला तो वाजवी वाटला. दरम्यान एप्रिलअखेरीस कारखान्यानं तिचं ऐंशी हजारांचं पहिलं बिल खात्याला जमा धरलं होतं आणि त्यातून आठ हजार कापले गेले होते. ते रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत परत मिळत नाहीत. प्रमाणपत्र ज्या तारखेला निघतं तिथून पुढेच चालतं. शिवाय कपात बिल जमा धरताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा होते. त्यामुळे पैसे जूनमध्ये हातात आले तरी बिलाची नोंद एप्रिलची असेल तर दर एप्रिलचाच लागतो.

प्रमाणपत्र हातात आलं की काम संपलं असं समजू नये. त्यावर तीन गोष्टी असतात: कोणाला लागू आहे तो टॅन, दर, आणि किती रकमेपर्यंत. तिच्या कारखान्याची मर्यादा होती पाच लाख वीस हजार, म्हणजे सहा लाखांतून आधीचं बिल वजा करून. कारखान्याच्या अकाउंट्समधले गृहस्थ सुरुवातीला दहा टक्केच कापायला निघाले होते. त्यांची भीती मला समजते. कपात कमी पडली तर तो फरक आणि त्यावरचं महिना एक टक्का व्याज कापणाऱ्याच्या डोक्यावर येतं. मी त्यांना ट्रेसेसवर प्रमाणपत्राचा नंबर टाकून त्याची वैधता आणि शिल्लक मर्यादा बघायला सांगितली, आणि 26क्यू भरताना तोच नंबर नोंदवायचा हेही. स्क्रीनवर दर आणि रक्कम दिसल्यावर त्यांनी प्रिंट काढून फाइलला लावली आणि पुढच्या प्रत्येक बिलाला एक टक्का कापला.

जानेवारीत कारखान्यानं तिला साखरेच्या नव्या गोदामाचं डिझाइन दिलं. बिल दीड लाखाचं, आणि मर्यादा तोवर संपलेली. वाढीव रकमेसाठी पुन्हा अर्ज करावा का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. त्या पंधरा हजारांचा रिफंड काही महिन्यांवर आला होता, तेवढ्यासाठी वर्षअखेरीस नवा अर्ज, नवे प्रश्न, नवी उत्तरं यात अर्थ नव्हता. हेच जुलैमध्ये घडलं असतं तर मी अर्ज करायला लावला असता.

वर्षाचा हिशोब असा निघाला. जमा साडेसोळा लाख, उत्पन्न सव्वाआठ लाख, कर शून्य. कापले गेले आठ हजार, अकरा हजार दोनशे आणि पंधरा हजार, एकूण चौतीस हजार दोनशे. प्रमाणपत्र नसतं तर एक लाख पस्तीस हजार अडकले असते. पतसंस्थेचं कर्ज तिनं त्या वर्षी उचललं नाही.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात या प्रमाणपत्राचं कलम 395 आहे. फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात लहान करदात्यांसाठी, अधिकाऱ्याकडे अर्ज न करता नियमांच्या आधारे आपोआप प्रमाणपत्र मिळेल अशी योजना जाहीर झाली. ती पूर्ण उतरली तर माझ्या भाचीसारख्यांचा दीड महिना वाचेल. पण पॅनचा एक अंक चुकून उभी राहिलेली थकबाकी यंत्रालाही थकबाकीच दिसणार, आणि जुनं प्रमाणपत्र 31 मार्चलाच संपलेलं असतं. म्हणून तिची थकबाकी मार्चमध्येच तपासली, नव्या वर्क ऑर्डर मागवून घेतल्या आणि गोदामाच्या कामाचा अनुभव धरून कारखान्याची मर्यादा या वेळी साडेसात लाखांची मागितली आहे.