विषयाची एक ओळ

नोकरीची मुलाखत देऊन आल्यावर आपण ई-मेल पाठविता; पण पुष्कळदा तो उघडलाच जात नाही. दोष बहुधा मजकुराचा नसून विषयाच्या ओळीचा असतो. मोबाइलवर तिची पहिली तीस-चाळीस अक्षरेच दिसतात. म्हणून पद व तारीख आरंभीच यावीत. 'नमस्कार', 'विनंती' असे मोघम शब्द तेथे व्यर्थ होत.

समजा, आपण १२ जूनला लेखापालपदासाठी मुलाखत दिली. चोवीस तासांच्या आत लिहावे : 'लेखापाल, १२ जूनची मुलाखत : आभार'. निकाल २० तारखेपर्यंत कळवू, असे सांगितले असल्यास त्यापूर्वी विचारू नये. पुढे दोन दिवस वाट पाहून लिहावे : 'लेखापाल, १२ जून : निकालाची विचारणा'. दूरध्वनीवरून नेमणुकीचा देकार आला, तर आपले उत्तर विषयातच असावे : 'लेखापाल : देकार मान्य, १ जुलैस रुजू'. विचारास अवधी हवा असल्यास 'लेखापाल देकार : २८ जूनपर्यंत मुदत हवी' असे लिहावे.

देकार ई-मेलने आला असेल, तर मात्र त्यालाच उत्तर द्यावे व विषय बदलू नये. बदलल्यास पत्रव्यवहाराची साखळी तुटते. आणि वाचकहो, 'तातडीचे' हा शब्द उगाच वापरू नका. आत साधे आभार निघाले, की पुढच्या पत्रावरचा विश्वास उडतो.